पक्ष्मकोप : नाव केसाचे, दोष पापणीचा

१

एखाद्या रोगाचे नाव हे त्या रोगाचे पहिले निदान असते. नाव पडले त्या काळी लोकांना दोष कोठे दिसला, हे त्या नावावरून कळते. तो खरोखर तेथेच होता, असे मात्र त्यावरून ठरत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका रोगाच्या नावाचा आणि त्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास एकत्र तपासावयाचा आहे. दोन्ही इतिहास एकमेकांशेजारी ठेवले असता असे दिसून येते की, ज्या गोष्टीकडे नावाने दुर्लक्ष केले, ती शल्यविदाच्या हाताला फार आधीपासून जाणवली होती. मात्र ती नीट समजण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे. मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्याच्या झाकणासाठीही वापरतात आणि त्याच्या कडेवरील केसांसाठीही. येथे घोटाळा टाळण्यासाठी झाकणाला ‘पापणी’ व केसांना ‘पक्ष्म’ म्हटले आहे. निरोगी पापणीचे पक्ष्म बाहेरच्या बाजूस वळलेले असतात. ह्या रोगात ते आत वळतात आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे स्वच्छमंडलाला, घासू लागतात. मनुष्य मिनिटाला अनेकदा पापणी मिटतो, आणि प्रत्येक वेळी त्या पडद्यावर ओरखडा उठतो. प्रथम पाणी येते, उजेड सहन होत नाही. पुढे ओरखड्यांत जंतूंचा शिरकाव होऊन व्रण होतो. व्रण भरला की तेथे पांढरे वण राहतात आणि दृष्टी कायमची मंदावते. ह्या वणामुळे आलेले अंधत्व पापणी नंतर सरळ करूनही परत फिरत नाही. म्हणूनच पक्ष्म आत वळणे आणि स्वच्छमंडल धुरकटणे ह्यांच्या दरम्यान जो काळ मिळतो, तोच उपचाराचा काळ होय.

२

संस्कृत वैद्यकात ह्या रोगास ‘पक्ष्मकोप’ असे नाव आहे. ‘पक्ष्मोपरोध’ असाही शब्द येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याचे वर्णन आहे. उत्तरतंत्र हा भाग मूळ ग्रंथाला नंतर जोडला गेला, असे बहुतेक संशोधक मानतात. त्या वर्णनानुसार दोष पक्ष्मांच्या मुळाशी शिरतात, तेथे तीक्ष्ण टोकाचे व खरखरीत केस उगवतात आणि त्यांच्या घर्षणाने डोळा दुखू लागतो. केस उपटले म्हणजे बरे वाटते. वारा, ऊन व अग्नी मात्र रोग्यास नकोसे होतात. लक्षणांचे हे निरीक्षण अचूक आहे. परंतु कारणाचा विचार करताना ग्रंथकाराची दृष्टी केसावर व त्याच्या मुळावरच खिळलेली दिसते.

ग्रीक वैद्यांनीही हेच केले. ‘ट्रायकायासिस’ ह्या शब्दाच्या मुळाशी ‘थ्रिक्स’, म्हणजे केस, हा शब्द आहे. अरबी ग्रंथांत ‘अधिक केस’ आणि ‘उलटलेला केस’ अशी दोन नावे आढळतात. पहिल्यात केस जादा उगवला अशी, तर दुसऱ्यात केस उलट फिरला अशी समजूत आहे. तीन भाषा, तीन वैद्यकपरंपरा. आणि तिन्हींत अपराधी म्हणून केसच उभा केलेला आहे. ह्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. रोग्याला टोचतो तो केस, वैद्याच्या चिमट्यात येतो तोही केसच. पापणीच्या पाठीमागे जे घडलेले असते ते पापणी उलटल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसले तरी त्याचा केसाशी असलेला संबंध सहज ध्यानात येत नाही.

ह्याहूनही महत्त्वाची अडचण काळाची होती. बहुसंख्य रोग्यांत हा विकार खुपरी ह्या संसर्गाचे उशिरा दिसणारे फळ असतो. खुपरीचा संसर्ग बालपणी होतो आणि वर्षानुवर्षे पुनःपुन्हा होत राहतो. पक्ष्म आत वळतात ते बहुधा प्रौढपणी. पापणीच्या आतील भागात तांबड्या मोहरीसारख्या पुळ्या येतात, असे सुश्रुतसंहितेत ‘पोथकी’ ह्या रोगाचे वर्णन आहे, आणि पोथकी म्हणजे खुपरीच असे अनेक अभ्यासक मानतात. पोथकी व पक्ष्मकोप हे दोन्ही रोग पापणीच्या रोगांच्या एकाच यादीत आले आहेत. परंतु दोन स्वतंत्र रोग म्हणून. मुलाच्या डोळ्यांतील पुळ्या आणि त्याच व्यक्तीच्या पन्नाशीतील टोचणारे केस ह्यांमध्ये इतकी वर्षे लोटलेली असत की, एक रोग दुसऱ्याची पुढची पायरी आहे हे ओळखण्यास एका वैद्याचे आयुष्यही अपुरे पडावे.

३

आता शस्त्रक्रियेकडे वळू. सुश्रुतसंहितेत सांगितलेला विधी असा आहे. रोग्यास स्निग्ध करून बसवावे. भुवईखालचे दोन भाग आणि पक्ष्मांलगतचा एक भाग सोडून, मधल्या जागेतून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत यवाच्या आकाराची त्वचा आडवी कापून काढावी. जखम केसाने शिवावी व तिला तूप आणि मध लावावा. कपाळावर एक पट्टा बांधून टाक्यांचे केस त्यास जखडून ठेवावेत. शस्त्राचा मार्ग भरून घट्ट झाला म्हणजे ते केस काढून टाकावेत. एवढ्याने भागले नाही तर पापणी उलटून दूषित वळी अग्नीने किंवा क्षाराने जाळावी. किंवा तीन आकड्यांनी धरून केसांची ओळच कापून काढावी.

ह्यातील दोन गोष्टी लक्षपूर्वक पाहण्याजोग्या आहेत. पहिली, यवाचा आकार. यव मध्ये रुंद व दोन्ही टोकांस निमुळता असतो. अशा आकाराची त्वचा काढून कडा जोडल्या तर टोकांशी चुण्या पडत नाहीत, आणि ओढ पापणीच्या मध्यावर सर्वांत अधिक बसते. त्वचेचा तुकडा काढताना असाच आकार आजही पसंत केला जातो. दुसरी गोष्ट कपाळावरील पट्ट्याची. जखम भरेपर्यंत पापणी वर धरून ठेवण्यासाठी काहीतरी स्थिर आधार हवा, हे येथे उमगलेले आहे. पापणीच्या सैल त्वचेत असा आधार नाही, म्हणून तो कपाळावर शोधला गेला. परंतु टाके काढले की हा आधार नाहीसा होतो आणि सर्व भार पुन्हा त्वचेवर पडतो. पापणीची त्वचा शरीरातील अत्यंत पातळ त्वचांपैकी आहे. ती हळूहळू ताणली जाते. आतून ओढणारा वण मात्र ताणत नाही. ह्या असमान झुंजीचा निकाल काही महिन्यांत किंवा वर्षांत लागत असणार, हे उघड आहे.

ग्रंथकारास त्याची कल्पना होती असे म्हणावयास आधार आहे. ह्या चिकित्सेच्या अध्यायाच्या आरंभीच पक्ष्मकोप ‘याप्य’ म्हणून सांगितला आहे. याप्य म्हणजे जो उपचाराने ताब्यात राहतो पण मुळासकट जात नाही असा रोग. एकामागून एक चार उपाय सांगणे, आणि पहिला अपुरा पडला तर दुसरा कोणता हे नमूद करणे, ही पद्धतही त्याच अनुभवाची साक्ष देते.

रोमन लेखक सेल्सस ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात जवळजवळ हाच मार्ग वर्णिला आहे. केसांची मुळे तापलेल्या बारीक सुईने जाळणे हा त्याचा एक उपाय, आणि पापणीवरील त्वचेची पट्टी कापून कडा शिवणे हा दुसरा. त्वचा कमी काढली तर उपयोग होत नाही आणि फार काढली तर डोळा झाकतच नाही, असा इशारा तो देतो. मिटू न शकणाऱ्या डोळ्याचे स्वच्छमंडल कोरडे पडते व त्यावर व्रण होतो. म्हणजे ज्या अनर्थापासून वाचवावयाचे, तोच दुसऱ्या वाटेने ओढवतो. पुढील ग्रीक वैद्यांनी वरच्या पापणीवरील ह्या क्रियेस ‘अनार्राफी’, म्हणजे ‘वर शिवणे’, असे नाव दिले.

अरबी वैद्यकात हीच क्रिया ‘तश्मीर’ ह्या नावाने येते. ह्या शब्दाचा मूळ अर्थ वस्त्र वर खोचणे, अस्तनी वर सारणे असा आहे. कॉर्डोव्हाचा शल्यविद अल्-झहरावी ह्याने दहाव्या शतकाच्या अखेरीस तिचे जे प्रकार सांगितले, त्यांत एक असा : पापणीची त्वचा चिमटीत उचलावी, तिच्या दोन्ही बाजूंस वेताच्या दोन बारीक कांड्या ठेवून त्यांची टोके घट्ट बांधावीत, आणि मध्ये दाबलेली त्वचा काळी पडून गळून जाईपर्यंत तशाच राहू द्याव्यात. शस्त्रास भिणाऱ्या रोग्यासाठी हा उपाय होता.

येथे नावांची तुलना करून पाहावी. रोगाची सर्व नावे केसावरून पडली आहेत. परंतु शस्त्रक्रियेची नावे, ‘वर शिवणे’ काय किंवा ‘वर खोचणे’ काय, केसाचा उल्लेखही करीत नाहीत. त्यांचे कर्म पापणी हे आहे. उपपत्तीत केस दोषी ठरला असला, तरी हाताने वळवावयास घेतली ती पापणी. व्यवहारातील ज्ञान हे सिद्धान्ताच्या पुढे गेल्याचा पुरावा येथे शब्दांतच साठून राहिला आहे.

४

दोष पापणीत नेमका कोठे, ह्याचे उत्तर पापणीच्या रचनेत आहे. वरच्या पापणीच्या आत तंतुमय ऊतकाची एक ताठर पट्टी असते. मध्यभागी तिची उंची सुमारे दहा मिलिमीटर भरते. तिला ‘टार्सस’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वेतकामाची सपाट चौकट असा होता. पापणीला आकार देणारी चौकट तीच. तिच्या बाहेरच्या अंगास स्नायू व त्वचा, आणि आतल्या अंगास नेत्रश्लेष्मकलेचे अस्तर. पापणीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर वर ह्या अस्तरात एक उथळ खाच असते. खुपरीत नेमका तेथे आडवा पांढरा वण पडतो. व्हिएन्नाचे नेत्रवैद्य फर्डिनांड फॉन आर्ल्ट ह्यांच्या नावाने तो ओळखला जातो. कोणताही वण आकसतो. हा वण आकसला म्हणजे चौकट त्या रेषेवर आत वाकते आणि पापणीची कड पक्ष्मांसह डोळ्याकडे फिरते. लाकडी फळीच्या एका अंगास ओल लागून ती वाकावी, तसा हा प्रकार आहे. वाकलेल्या फळीवरचे रंगाचे पुट बाहेरून कितीही ओढले तरी फळी सरळ होत नाही.

ही दृष्टी युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली, त्याला एक ऐतिहासिक निमित्त झाले. १७९८ ते १८०१ ह्या काळात ईजिप्तमध्ये लढलेल्या सैन्यांत नेत्ररोगाच्या साथी पसरल्या व सैनिकांबरोबर त्या युरोपात आल्या. त्यांत खुपरी किती आणि अन्य संसर्ग किती हा वादाचा विषय आहे. परंतु वण पडलेल्या पापण्या पुढे शहरांतील रुग्णालयांत मोठ्या संख्येने दिसू लागल्या आणि शल्यविदांना एकाच विकाराकडे वारंवार पाहता आले. १८५७ मध्ये अथेन्सचे अनाग्नोस्ताकिस ह्यांनी, आणि नंतर १८७९ मध्ये शिकागोचे हॉट्झ ह्यांनी, त्वचेची खालची कड वरच्या त्वचेला न जोडता थेट टार्ससच्या वरच्या भागास शिवण्याची रीत सांगितली. कपाळावरील पट्टा तात्पुरता होता. येथे पापणीच्या आतच कायमचा आधार मिळाला. लंडनचे स्ट्रीटफील्ड ह्यांनी १८५८ मध्ये त्यापुढे जाऊन खुद्द टार्ससमध्ये खाच पाडली, हेतू हा की वाकलेली चौकट त्या खाचेवर बाहेर वळावी. शस्त्र आता खऱ्या जागी पोहोचले होते. संसर्गाच्या मुळाशी असलेला जंतू पेशींमध्ये प्रथम १९०७ मध्ये जावा बेटावर हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक ह्यांना दिसला, आणि तो प्रयोगशाळेत वाढविण्यात चीनमधील तांग फेइफान ह्यांना यश आले ते १९५० च्या दशकात. म्हणजे शस्त्रक्रियेने योग्य जागा शोधली, ती कारणाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

५

विसाव्या शतकाच्या मध्यास ह्या विचाराची परिणती दोन विधींत झाली. उत्तर आफ्रिकेतील अनुभवावरून त्राब्यू ह्यांनी १९४९ मध्ये एक विधी प्रसिद्ध केला. दुसरा बॅलन ह्यांनी १९६४ मध्ये. दोन्हींचे तत्त्व एकच : वाकलेली चौकट वणाजवळ पूर्ण कापावी आणि पक्ष्म असलेली खालची पट्टी बाहेर फिरवून त्या स्थितीत शिवावी. फरक कापावयाच्या थरांत आहे.

बॅलन ह्यांच्या विधीत पापणी सर्व थरांतून कापतात. पापणीत बधिरतेचे औषध टोचल्यावर कडेपासून तीन मिलिमीटर अंतरावर, कडेशी समांतर असा छेद घेतात. तो त्वचा, स्नायू, टार्सस व अस्तर ह्या सर्वांतून आरपार जातो. तीन मिलिमीटर हे अंतर निरर्थक नाही. पक्ष्मांची मुळे सुमारे दोन मिलिमीटर खोल असतात. छेद त्यापेक्षा खाली आला तर ती कापली जातात. नंतर तीन टाके असे घालतात की, दोरा टार्ससच्या वरच्या तुकड्यातून निघून खालच्या पट्टीच्या त्वचेत पक्ष्मांच्या अगदी वर बाहेर पडावा. टाके आवळले म्हणजे खालची पट्टी बिजागरीसारखी बाहेर वळते. शेवटी त्वचेचा छेद शिवतात. त्राब्यू ह्यांच्या विधीत पापणी एका धातूच्या पट्टीवर उलटून धरतात आणि छेद आतल्या अंगाने घेतात. अस्तर व टार्सस एवढेच कापले जातात, त्वचा व स्नायू शाबूत राहतात. टाके आतून बाहेर काढून त्वचेवर बांधतात.

शस्त्रक्रिया साधली की नाही हे टाके आवळतानाच पाहावे लागते. रोग्यास समोर व वर पाहावयास सांगतात. एकही पक्ष्म डोळ्यास लागता कामा नये. किंबहुना कड किंचित अधिकच बाहेर वळलेली असावी, कारण सूज उतरल्यावर व वण पुन्हा आकसल्यावर ती थोडी परत येते. वळण अपुरे असेल तर तो टाका सोडून पुन्हा घालावा लागतो. फार बाहेर वळली असेल तर तो सैल करतात. छेद कडेशी समांतर नसेल, किंवा तीन टाके सारख्या ताणाचे नसतील, तर पापणीची कड एखाद्या जागी वर उचललेली दिसते. छेद आखूड पडला तर कोपऱ्याकडचे पक्ष्म वळतच नाहीत. पुढे तेच प्रथम डोळ्यास लागतात, आणि रोग उलटला असे वाटते. वस्तुतः तेथे तो कधी दूरच झालेला नसतो.

६

इतक्या विधींपैकी कोणता चांगला, हे प्रथम पद्धतशीरपणे तपासले गेले ते ओमानमध्ये. रीचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून निरनिराळ्या विधींची तुलना केली आणि १९९० व १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पापणी आरपार कापून वळविण्याचा विधी सर्वांत सरस ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये त्याची पुस्तिका काढली. तीत सांगितलेली कृती नेत्रतज्ज्ञच नव्हेत, तर प्रशिक्षित परिचारक व आरोग्यसेवकही करू लागले. कारण रोगी दूरच्या खेड्यांत आणि नेत्रतज्ज्ञ राजधानीत, अशी ह्या रोगाची नेहमीची स्थिती आहे.

तथापि ओमानचा निकाल अखेरचा ठरला नाही. इथिओपियात एक हजार रोग्यांवर दोन्ही विधींची तुलना झाली आणि तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. बारा महिन्यांच्या आत पक्ष्म पुन्हा डोळ्यास लागलेल्यांचे प्रमाण आरपार कापण्याच्या विधीत शेकडा २२, तर त्राब्यू ह्यांच्या आतून कापण्याच्या विधीत शेकडा १३ आढळले. ह्या आकड्यांकडे दोन अंगांनी पाहता येते. आतला विधी त्या चाचणीत स्पष्टपणे वरचढ ठरला, हे एक. पण त्यातही आठांपैकी एका रोग्यास वर्षाच्या आत पुन्हा टोचू लागले, हे दुसरे. आधीच्या एका इथिओपियन अभ्यासात, २००६ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर ॲझिथ्रोमायसीनची एक मात्रा दिल्याने पुनरावृत्ती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसले होते. ह्यावरून दाहाचा व पुढील वणाचा वाटा शस्त्रक्रियेनंतरही चालूच असतो, असे अनुमान निघते. चौकट सरळ केली तरी ती वाकविणारी प्रक्रिया शस्त्राने थांबत नाही.

मोजकेच पक्ष्म टोचत असतील तर काय करावे, हाही प्रश्न तपासला गेला. इथिओपियातीलच २०११ मधील एका चाचणीत, चांगला चिमटा देऊन घरच्या घरी केस उपटण्यास शिकविलेल्या रोग्यांची तुलना शस्त्रक्रिया केलेल्यांशी केली. दोन वर्षांनंतर पक्ष्म टोचण्याचे प्रमाण उपटणाऱ्यांत अधिक होते. पण दृष्टी व स्वच्छमंडल ह्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. केस उपटला की बरे वाटते हे सुश्रुतसंहितेतील निरीक्षण, मर्यादित रोग्यांपुरते का होईना, येथे मोजून पाहिले गेले आहे. मात्र केस काही आठवड्यांत पुन्हा उगवतो आणि अर्धवट तुटलेला आखूड केस अधिकच टोचतो. म्हणून दृष्टी मंद झालेल्या व मदतीस कोणी नसलेल्या वृद्धास हा उपाय पुरत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरली नसल्याचे मान्य केले. ह्या घोषणेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. तिच्या कसोट्यांत लहान मुलांतील चालू संसर्ग जसा मोजतात, तसेच पंधरा वर्षांवरील लोकांत आरोग्ययंत्रणेस ठाऊक नसलेल्या, आत वळलेल्या पक्ष्मांचे प्रमाणही मोजतात; ते हजारी दोनपेक्षा कमी असावे लागते. म्हणजे रोगी शून्यावर आले, असा दावा त्यात नाही. ज्यांच्या पापणीत बालपणीचा वण पडला आहे, अशी पिढी अद्याप हयात आहे. नवा संसर्ग थांबला तरी त्यांच्यापैकी काहींचे पक्ष्म पुढील वर्षांत आत वळणारच. त्यात स्त्रियांचे प्रमाण अधिक राहील, कारण लहान मुलांच्या सततच्या सान्निध्यामुळे त्यांना संसर्ग पुनःपुन्हा झालेला असतो.

सारांश, ‘पक्ष्मकोप’ ह्या शब्दातील निदान टिकले नाही. कोप पक्ष्मांचा नव्हता, ती आत आखडलेली चौकट होती. परंतु त्याच अध्यायातील दुसरा शब्द, ‘याप्य’, हा अजून खोटा ठरलेला नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यास वर्षाने पुन्हा बोलावून, पापणीची कड उजेडात तपासून पाहणे, हा आजच्या उपचारातील एक आवश्यक भाग आहे, तो ह्याच कारणाने.